खुलं पत्र: ‘तिच्यासमोर विषय काढू नका’ असं ठरवणाऱ्या माझ्या नातेवाइकांना

प्रिय काका, काकू, आत्या, मामा, मामी आणि कुटुंबाच्या ग्रुपवरच्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर एक मेसेज आला. आपल्या सुनेचं बाळ चौतिसाव्या आठवड्यात पोटातच गेलं, प्रसूती झाली आहे, उद्या ती घरी येते आहे, एवढं सांगून पुढे सूचना होत्या. बाळ तिला दाखवलेलं नाही, तेव्हा ते कसं होतं याबद्दल कुणी बोलू नये. ती यायच्या आत खोलीतलं बाळाचं सामान हलवलं जाईल. महिनाभर कुणी फोन करू नये, भेटायला जाऊ नये. भेट झालीच तर विषय काढू नये, म्हणजे ती लवकर विसरेल. खाली जवळजवळ सगळ्यांनी हात जोडल्याची खूण टाकली आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर नेहमीचे विनोद सुरू झाले.

हे पत्र मी ग्रुपवर न टाकता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण हा मेसेज फक्त आपल्याच घरात फिरत नाही. वहिनीला आणि भावाला विचारून लिहिते आहे. त्या दोघांनी मजकूर वाचला आहे. नावं कुणाचीच घातलेली नाहीत.

यात माझा काय संबंध, असं कुणी विचारेल. काही वर्षांपूर्वी माझंही बाळ असंच गेलं, सातवा महिना सरता सरता. तेव्हाही दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर तुमच्यापैकीच काही जण बसले होते आणि तेव्हाही हेच ठरलं होतं. माझं बाळ दिसायला कसं होतं हे मला माहीत नाही, आणि आता ते कधीच कळणार नाही. तेव्हापासून मी अशा बऱ्याच आईवडिलांशी बोलले, प्रसूती विभागातल्या नर्सेसना आणि डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. तुमच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला पूर्ण ठाऊक आहे. तरीही त्या मेसेजमधली एकेक सूचना मी इथे घेणार आहे.

पहिली गोष्ट, बाळ न दाखवण्याची.

त्या दिवशी नेमकं काय झालं, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत नाही. बाळाची हालचाल जाणवेना म्हणून वहिनी दवाखान्यात गेली. सोनोग्राफीत बाळाचं हृदय थांबलेलं दिसलं. मामांनी तेव्हा डॉक्टरांना विचारलं होतं की मग ताबडतोब सिझेरियन का करत नाही. कारण असं की आईच्या जिवाला लगेच धोका नसेल तर नेहमीसारखी प्रसूती होणं तिच्या शरीरासाठी आणि पुढच्या गरोदरपणासाठी जास्त सुरक्षित असतं. म्हणून आधी गर्भाशय तयार करणारी गोळी दिली. साधारण एक-दोन दिवस थांबून मग कळा आणणारी औषधं. म्हणजे बाळ गेलेलं माहीत असताना ती त्याला पोटात घेऊन थांबली, मग तिनं सगळ्या कळा सोसल्या, आणि तिनंच त्याला जन्म दिला. ज्या बाईनं एवढं केलं, तिला बाळ बघणं झेपणार नाही, असं बाहेर बसून ठरलं.

तिला कुणी विचारलंच नाही. भावाला विचारलं गेलं, पण ते असं: ‘तिला दाखवायचं नाही ना?’ असा प्रश्न आल्यावर त्या अवस्थेत कुणीही मान हलवेल.

तुम्हाला कशाची भीती वाटली हे मी समजू शकते. पोटात गेलेल्या बाळाची त्वचा काही तासांतच नाजूक होऊ लागते, कुठे कुठे सोलल्यासारखी दिसते. ओठ गडद लाल किंवा काळपट असतात, अंग थंड आणि सैल लागतं. हे अचानक समोर आलं तर धक्का बसतो, खरं आहे. म्हणूनच जाणत्या नर्स बाळ आणण्याआधी हे सगळं शांतपणे शब्दांत सांगतात. बाळाला पुसून, टोपी घालून, कपड्यात गुंडाळून आणतात. आईवडिलांना हवं असेल तर आधी फक्त हात आणि पाय दाखवतात. पायांचे, हातांचे ठसे घेतात, केसांची बट कापून ठेवतात, फोटो काढतात. थंड जागेत ठेवलं तर बाळ काही तास, कधी त्याहून जास्त वेळ, आईवडिलांजवळ ठेवता येतं. घाई करण्यासारखं त्यात काहीच नसतं.

दाखवल्यानं आईला जास्त त्रास होतो, हे काकांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या एका छोट्या अभ्यासात बाळाला हातात घेतलेल्या आयांमध्ये पुढे नैराश्य जास्त दिसलं होतं आणि त्यानंतर काही काळ डॉक्टर सावध झाले होते. पण पुढच्या बऱ्याच अभ्यासांत, ज्यांनी बाळाला पाहिलं त्यातल्या बहुतेकांनी त्याचा पश्चात्ताप नाही असं सांगितलं. न पाहिल्याची रुखरुख मात्र अनेकांना वर्षानुवर्षं राहिली. त्यामुळे आता पद्धत अशी आहे की आग्रह करायचा नाही आणि अडवायचंही नाही. विचारायचं. ‘नको’ म्हणाली तर थोड्या वेळानं पुन्हा एकदा विचारायचं, कारण पहिल्या तासातलं ‘नको’ चौथ्या तासाला बदलू शकतं. तरीही नकोच असेल तर फोटो काढून बंद पाकिटात ठेवायचा, म्हणजे पुढे कधी वाटलं तर तो असतो.

हे मी पुस्तकी सांगत नाही. भावानं परवा दवाखान्यात जाऊन विचारलं तेव्हा कळलं की रात्रपाळीच्या नर्सनं आपण होऊन एक फोटो काढला होता आणि पायांचे ठसे घेतले होते. ते पाकीट आता भावाजवळ आहे. वहिनीनं ते अजून उघडलेलं नाही. उघडेल किंवा नाही उघडणार. ते तिनं ठरवायचं आहे आणि निदान आता ते तिच्या हातात आहे.

आणि आत्या, बाळाला नीट पाहिलेलं घरात तुमच्याशिवाय कुणी नाही. तुम्ही त्याला हातात घेतलं होतंत. वहिनी मला विचारते की केस होते का, नाक कुणासारखं होतं. मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. ती विचारेल तेव्हा ‘कशाला ते आठवतेस’ असं म्हणू नका. सांगा.

दुसरी गोष्ट, सामानाची.

वहिनी घरी आली तेव्हा खोलीत पाळणा नव्हता, कपाटाचा खालचा कप्पा रिकामा होता. झबली, दुपटी, तिनं स्वतः विणलेले मोजे, सगळं पिशव्यांत भरून काकूंच्या माळ्यावर गेलं होतं. त्यातले दोन कपडे तर देऊनही टाकले गेले. खोली मोकळी दिसली की मन मोकळं होईल, असा त्यामागचा विचार असावा. तिला त्यातून कळलं ते वेगळंच. आपण दवाखान्यात असताना या घरानं बाळाची आवराआवर करून टाकली, असं ती मला म्हणाली.

या वस्तूंचं करायचं काय, याचं एकच उत्तर नसतं. मी भेटले त्यातली एक आई म्हणाली की तिनं नवऱ्यालाच आधी जाऊन सगळं बंद करायला सांगितलं होतं, तिला ते बघायचंच नव्हतं. दुसरी कित्येक आठवडे रोज रात्री एक दुपटं उशाशी घेऊन झोपत होती. दोघींचंही बरोबर. म्हणून वस्तू हलवण्याआधी फोनवर एक वाक्य विचारायचं असतं: ‘खोली आहे तशी ठेवू, की दार लावून घेऊ, की काही बाजूला ठेवू?’ उत्तर आलं नाही तर फक्त दार लावून घ्यायचं. बंद दार केव्हाही उघडता येतं. देऊन टाकलेलं झबलं परत मिळत नाही.

तिसरी सूचना, महिनाभर फोन आणि भेट नको. हिच्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण यात नुसतं मन दुखावत नाही, जिवाशी खेळ होऊ शकतो.

बाळ गेलं तरी शरीराला ते कळत नाही. वार बाहेर पडली की गर्भारपणातली संप्रेरकं झपाट्यानं उतरतात आणि त्याच बदलामुळे दूध यायला सुरुवात होते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी छाती दगडासारखी घट्ट होते, ठणकते, कपडे भिजतात. साधारण सोळाव्या-अठराव्या आठवड्यानंतर बाळ गेलं असेल तरी हे होऊ शकतं. बहुतेक बायकांना हे कुणी आधी सांगितलेलं नसतं. वहिनीला रात्री दोन वाजता कळलं. तिनं ग्रुपवरच्या कुणाला फोन केला नाही, कारण सगळ्यांना गप्प राहायला सांगितलंय हे तिनं भावाच्या मोबाइलवर वाचलं होतं. तिनं मला फोन केला.

अशा वेळी छाती कापडानं करकचून बांधायची, हा आपल्याकडच्या मोठ्यांचा सल्ला आता देत नाहीत. त्यानं दुखणं वाढतं, दुधाच्या नळ्या तुंबतात, गळू होऊ शकतं. नीट आधार देणारी, न काचणारी ब्रा घालायची. थंड ओलं कापड किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ ठेवायचा. फारच ताण आला तर बरं वाटण्यापुरतंच दूध हातानं काढायचं, पूर्ण रिकामं करायचं नाही, कारण जितकं काढू तितकं पुन्हा येतं. वेदनेची गोळी डॉक्टरांना विचारून. दूध थांबवणारं औषधही असतं, पण रक्तदाब वाढलेला असेल तर ते बहुधा टाळतात. म्हणून ते दुकानातून परस्पर आणायचं नाही. काही दिवसांत, कधी एक-दोन आठवड्यांत हे ओसरतं. छातीवर लाल, गरम, दुखरा चट्टा आणि ताप दिसला तर मात्र वाट पाहायची नाही.

रक्तस्रावाचंही तसंच. तो काही आठवडे हळूहळू कमी होत चालतो. पण तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, घाण वास येत असेल, ताप असेल, डोकं भयंकर दुखत असेल किंवा डोळ्यांपुढे अंधुक होत असेल, तर त्याच क्षणी दवाखाना. ही बाळंतीण आहे. तिला बाळंतिणीची सगळी विश्रांती, सगळी तपासणी आणि सगळी काळजी लागते. मांडीवर बाळ नाही म्हणून ती चौथ्या दिवशी ओट्यापाशी उभी राहायला मोकळी झाली, असं होत नाही. आणि घरात येणंजाणंच बंद केलं तर यातलं काही बिघडतंय हे पाहणार कोण?

मी हे ठणकावून सांगते आहे, कारण माझ्या वेळी मला तीन दिवस ताप होता आणि घरात सगळे समजत होते की मी रडून रडून तापले आहे.

येणं म्हणजे गर्दी करणं नव्हे, हेही सांगते. दहा जणांनी एकदम येऊन गोल करून बसायची गरज नाही. एका माणसानं यावं, अर्धा तास बसावं, ती बोलली तर ऐकावं, नाही बोलली तर कपड्यांच्या घड्या घालून निघावं. ‘काही लागलं तर सांग’ या वाक्याचा तिला काही उपयोग नाही, कारण काय लागेल हे ठरवून कुणाकडे तरी मागायचं ओझं तिच्यावरच येतं. मामींनी कालच्या मेसेजमध्ये तेच लिहिलं होतं, आणि तिनं उत्तरात ‘ठीक आहे’ लिहिलं. त्याऐवजी असं लिहा: ‘मंगळवारी संध्याकाळी सातला जेवणाचा डबा दारापाशी ठेवते. बोलायचं नसेल तर दार उघडू नकोस.’ तिला नुसतं हो किंवा नाही म्हणता येतं.

मोबाइलचं एक काम कुणीतरी तरुणानं अंगावर घ्यावं. गरोदरपणाची अॅप अजून दर आठवड्याला तिला सांगतात की तुमचं बाळ आता इतकं मोठं झालं. लसीकरणाच्या आठवणी येतील, डायपरच्या जाहिराती येतील, आधीच ठरलेल्या तपासणीसाठी दवाखान्यातून फोन येईल. त्या फोनवर ‘आता नववा महिना ना?’ असं कुणी विचारण्याआधी दवाखान्याला कळवायला हवं. तिला विचारून, तिच्यासमोर, एकेक बंद करा. न विचारता काही पुसू नका. अॅपमधल्या नोंदी आणि पोटातल्या बाळाच्या सोनोग्राफीचे फोटो हेच कदाचित तिच्याजवळ उरलेलं सगळं असेल.

आता ती शेवटची सूचना, विषय न काढण्याची.

तुम्हाला वाटतं की विषय काढला तर तिला आठवेल. तिला आठवत नाही असा एकही तास नाही. आपण बोलत नाही तेव्हा तिला एवढंच कळतं की या घरात त्या बाळाला माणूस म्हणून कुणी मोजलेलं नाही. जे दुःख लोक दुःख म्हणून मान्यच करत नाहीत, त्यावर अमेरिकेतले अभ्यासक केनेथ डोका १९८० च्या दशकापासून लिहीत आले आहेत, आणि पोटातलं बाळ जाणं हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण आहे. आजोबा गेले तेव्हा आपण सगळे त्यांच्या आठवणी सांगत बसलो होतो. या बाळाच्या आठवणी फक्त दोघांकडे आहेत: कुठल्या आवाजाला ते लाथ मारायचं, रात्री किती वाजता जागं व्हायचं. त्या ऐकायला कुणी नाही.

काय बोलावं कळत नाही, ही अडचण खरी आहे. मग अगदी साधं बोला. ‘बाळाबद्दल कळलं. फार वाईट वाटलं.’ एवढं पुरे. पुढे विचारावंसं वाटलं तर, ‘नाव ठरवलं होतं का?’ त्यांनी ठरवलं होतं. घरात ते नाव आजवर एकदाही कुणी उच्चारलेलं नाही. ती रडली तर तुम्ही रडवलं असं समजू नका, आणि घाईनं पाण्याचा पेला पुढे करून तिला थांबवू नका.

काही वाक्यं मात्र तोंडातून येऊ देऊ नका. ‘वय आहे अजून, दुसरं होईल.’ दुसरं झालं तर ते दुसरं असेल. ‘एक मुलगी आहे ना, तिच्याकडे बघ.’ ‘जन्मून गेलं असतं तर जास्त त्रास झाला असता.’ ‘बाळात काहीतरी दोष असेल, बरंच झालं.’ ‘सगळं चांगल्यासाठीच होतं.’ आणि सगळ्यात वाईट, तपासणीच्या सुरात विचारलेले प्रश्न: जड उचललं होतंस का, प्रवास केला होतास का, कामावर शेवटपर्यंत कशाला जात होतीस. ती स्वतःला हे प्रश्न आधीच विचारते आहे. पोटात बाळ जाण्याची कारणं वारेचं काम नीट न होणं, आईचा रक्तदाब किंवा मधुमेह, संसर्ग, नाळेची अडचण, बाळाच्या घडणीतले दोष अशी असतात, आणि नीट तपासण्या करूनही अनेकदा कारण सापडतच नाही. या वेळी डॉक्टरांनी वार तपासणीसाठी पाठवली आहे. अहवाल यायला काही आठवडे लागतील. ‘आता काय उपयोग’ म्हणत काकांनी त्यालाही विरोध केला होता म्हणून सांगते: उपयोग आहे. पुढच्या वेळी कशावर लक्ष ठेवायचं हे कधी कधी त्यातूनच कळतं, आणि वार एकदा टाकून दिली की ती संधी जाते. बाळाची शवचिकित्सा करायची की नाही हाही प्रश्न आईवडिलांचा असतो. काहींना ती हवी असते, काहींना नकोच असते. अहवाल येईल तेव्हा तो ग्रुपवर मागू नका.

भावाबद्दल दोन शब्द. गेल्या आठवड्यात प्रत्येकानं त्याला ‘ती कशी आहे?’ असंच विचारलं. तू कसा आहेस, हे कुणी विचारलं नाही. दवाखान्याची कागदपत्रं, अंत्यसंस्कार, घरच्यांचे फोन, सगळं त्यानं उभ्यानं केलं आणि लगेच कामावर गेला, म्हणून तो सावरला असा समज झालाय. बरेचसे बाप दुःख असंच कामात घालतात. म्हणून दोघांचं दुःख वेगळ्या वेळी, वेगळ्या रीतीनं बाहेर येतं, आणि मग एकाला वाटतं की दुसऱ्याला काही वाटतच नाही. त्याच्याशी गप्पा मारायला समोरासमोर बसायची गरज नाही. गाडीतून जाताना, चालताना विचारा. तो बोलेल.

आणि त्यांची चार वर्षांची मुलगी. तिला कुणीतरी सांगितलंय की बाळ झोपलंय, म्हणून दवाखान्यातच ठेवलं. आता ती रोज विचारते की ते कधी उठणार, आणि रात्री स्वतः झोपायला घाबरते. या वयाची मुलं शब्द जसेच्या तसे घेतात. झोपलं, हरवलं, दूर गेलं, असं काही सांगू नका. तिच्या आईवडिलांनी आता तिला जे सांगितलंय तेच सगळ्यांनी सांगा: बाळ मेलं, त्याचं शरीर चालायचं थांबलं, ते परत येणार नाही, आणि तू काही केलंस किंवा मनात आणलंस म्हणून हे झालेलं नाही. ती हेच शंभर वेळा विचारेल. शंभर वेळा हेच सांगा.

इथे मला आपल्याच घरातली आणखी एक गोष्ट काढायची आहे. तिचीही परवानगी घेतली आहे. आपल्या एका बहिणीचा नवव्या आठवड्यात गर्भपात झाला. ग्रुपवर मेसेजसुद्धा नव्हता. ‘एवढं काही नाही, सुरुवातीचंच होतं,’ असं म्हणून दुसऱ्या दिवशी तिला एका समारंभाला नेलं. जागतिक आरोग्य संघटना आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी २८ आठवड्यांनंतर गेलेल्या बाळाला मृतजन्म म्हणून मोजते आणि अशी जगात वर्षाला सुमारे १९ लाख बाळं जातात. त्याआधीचे गर्भपात तर कितीतरी जास्त, लक्षात आलेल्या दर शंभर गरोदरपणांमागे साधारण पंधरा. सुरुवातीच्या महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांतल्या चुकीमुळे होतात, त्यात आईनं केलेलं काहीच नसतं. पण वारंवार होतं म्हणून ते हलकं होत नाही. लंडनमधल्या तीन रुग्णालयांतल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लवकर गर्भ गेलेल्या बायकांपैकी २९ टक्क्यांमध्ये महिन्याभरानंतर आघातानंतरच्या मानसिक ताणाची लक्षणं होती. नऊ महिन्यांनंतरही ती १८ टक्क्यांमध्ये होती. आठवडे मोजून कुणाला किती रडायचा हक्क आहे ते आपण ठरवू शकत नाही. काही बायका सुरुवातीच्या गर्भपातातून लवकर उठतात आणि त्यांना तो विषय नको असतो, हेही आहे. तेही त्यांनीच सांगायचं.

त्या आकड्यांवरूनच सांगते: लक्ष महिनाभर ठेवून भागणार नाही. पहिल्या पंधरवड्यात सगळे येतात (आपल्याकडे तर तेही नाही), आणि खरं एकटेपण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येतं. तेव्हा डोळ्यांसमोर सारखा तोच प्रसंग उभा राहत असेल, झोप अजिबात नसेल, दवाखान्याच्या रस्त्यानंही जाववत नसेल, मुलीकडे पाहवत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला हवं. ‘मलाही त्याच्याकडे जायचंय’ असं ती म्हणाली तर ते दुःखाचं बोलणं असू शकतं आणि त्याहून जास्तही असू शकतं. घाबरून विषय बदलू नका. सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

पुढच्या वर्षभरात आपल्या कुटुंबात आणखी बाळं होणार आहेत. दोन बातम्या तर मला आत्ताच माहीत आहेत. त्या तिच्यापासून लपवू नका. लपवलेलं कळतंच, आणि मग आपल्याला सगळ्यांनी वगळलं हेही त्यासोबत कळतं. पण भरल्या घरात, सगळ्यांसमोर तिच्या तोंडाकडे बघत ती बातमी सांगू नका. आधी तिला एकटीला लेखी मेसेज करा, म्हणजे रडायचं असेल तर ती आपल्या खोलीत रडेल. बोलावणं द्या, आणि ‘आली नाहीस तरी चालेल’ हेही त्याच मेसेजमध्ये लिहा. नाही आली तर रुसू नका.

माझ्या मागण्या अशा आहेत.

तो मेसेज ज्यांनी टाकला त्यांनी तो ग्रुपवरून काढावा आणि ‘वहिनीला आणि भावाला फोन करायला हरकत नाही’ एवढं त्याच जागी लिहावं.

काकूंनी माळ्यावरच्या पिशव्या न उघडता परत आणून भावाच्या हाती द्याव्यात. जे दोन कपडे दिले गेले ते मागता येत असतील तर मागावेत.

आत्यांनी तिला भेटावं.

तिला कामाला जुंपू नये, निदान डॉक्टर हो म्हणेपर्यंत. पुन्हा मूल कधी, हा प्रश्न कुणीही, गमतीनंसुद्धा, विचारू नये. त्याचं उत्तर तिच्या शरीराकडे पाहून डॉक्टर आणि ते दोघं ठरवतील.

आणि यापुढे आपल्या कुटुंबात कुणावर ही वेळ आली तर बाहेरच्या बाकावर काही ठरवायचं नाही. आत जाऊन तिलाच विचारायचं. ती बेशुद्ध असेल तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं. बाळाला थंड जागेत ठेवा, असं नर्सला सांगायचं. तेवढा वेळ असतो.

प्रसूतीची जी तारीख डॉक्टरांनी दिली होती, ती पुढच्या महिन्यात अठरा तारखेला आहे. कॅलेंडरवर ती दोघांनी लाल पेनानं केलेली खूण अजून तशीच आहे. त्या दिवशी काय करायचं हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही. ठरलं की मी कळवेन. तोपर्यंत कुणीही परस्पर काही आखू नका. त्या दिवशी सकाळी मात्र प्रत्येकानं त्यांना एक ओळ लिहा आणि त्या ओळीत बाळाचं नाव घाला. नाव मला विचारू नका. त्या दोघांनाच फोन करून विचारा.

तुमची,
त्याच ग्रुपवरची एक पुतणी आणि भाची